सायन्सचा पेपर आणि अडून बसलेलं गणित

प्रश्न: तीन तासांचा सायन्सचा पेपर माझा दरवेळी थोडा राहतोच. कुठला सेक्शन आधी घ्यावा? आणि एका न्युमरिकलला किती वेळ द्यावा?

उत्तर:

तीन मार्कांच्या न्युमरिकलला सात मिनिटं. उत्तर येवो न येवो, सात मिनिटं झाली की पेन उचलायचं आणि पुढच्या प्रश्नावर जायचं. हे वाचून बऱ्याच जणांना राग येईल, आमच्या दादाला तर अजूनही येतो, पण त्याच्याकडे नंतर येते.

सात कुठून आले ते आधी सांगते. समजा पेपर ७० मार्कांचा आहे. १८० मिनिटांतली १० वाचायला आणि १५ शेवटी परत फिरायला बाजूला ठेवली की उरतात १५५, म्हणजे एका मार्काला सव्वादोन मिनिटांच्या जरा आत. तीन मार्कांना साडेसहा सात, दोन मार्कांना साडेचार, पाच मार्कांच्या मोठ्या उत्तराला अकरा. तुझा पेपर ८० किंवा १०० मार्कांचा असेल तर हाच भागाकार घरी करून जा, पेपर हातात आल्यावर करायची गोष्ट नाही ती. आणि गणित सुरू केलं की प्रश्नपत्रिकेवर लिहायला परवानगी असेल तर त्या प्रश्नाशेजारी पेन्सिलने घड्याळातली वेळ टाकायची, नाहीतर रफच्या पानावर. न लिहिता अंदाजाने जाणाऱ्याला पंधरा मिनिटं गेली तरी पाचच गेल्यासारखी वाटतात.

आता दादा. तो माझ्या आधी शिकलेला, मार्क चांगले पडलेले, त्यामुळे घरात अभ्यासाच्या बाबतीत त्याचाच शब्द चालायचा. माझ्या प्रिलिमच्या आदल्या रात्री त्याने मला समोर बसवून दोन नियम सांगितले. पहिला, गणितं सगळ्यात आधी. दुसरा, हातात घेतलेलं गणित अर्धवट सोडून उठायचं नाही, ते पळपुटेपणाचं लक्षण आहे. मी हो हो म्हणाले आणि पेपरात मला पाहिजे तेच केलं.

त्या पेपरात उष्णतेवर एक गणित होतं. ३० अंश सेल्सिअसच्या ४०० ग्रॅम पाण्यात ० अंशाचा २०० ग्रॅम बर्फ टाकला, मिश्रणाचं अंतिम तापमान काढा. बर्फाचा वितळण्याचा अप्रकट उष्मा ग्रॅममागे ८० कॅलरी, भांड्याने घेतलेली उष्णता सोडून द्या. दिसायला अगदी सरळ. बर्फाने घेतलेली उष्णता बरोबर पाण्याने दिलेली उष्णता, मांड समीकरण:

२०० × ८० + २०० × T = ४०० × (३० − T)

सोडवलं की ६०० T = −४०००, म्हणजे T = −६.६७ अंश. सगळा बर्फ वितळून पाणी झालंय असं धरलंय आणि ते पाणी शून्याच्या खाली साडेसहा अंशांवर! इथे काहीतरी चुकलंय हे कुणालाही कळतं. पण कुठे चुकलंय? मग माणूस काय करतो, तर आकडेमोड परत तपासतो. परत −६.६७. मग तिसऱ्यांदा. मग वाटतं चिन्ह उलटं पडलं असेल, समीकरण खोडतो, नव्याने मांडतो, परत तेच. माझ्या शेजारच्या बाकावरची मुलगी खोडाखोड करत किती वेळ बसली होती ते मला दिसत होतं. पेपर सुटल्यावर कळलं की वर्गातल्या कित्येकांनी शेवटी वैतागून नुसतं उणे चिन्ह खोडून ६.६७ अंश लिहून टाकलं होतं. :)

मी आकडेमोड एकदाच तपासली. तेच उत्तर आलं तेव्हा समीकरण आणि किमती घातलेली ओळ तशीच ठेवली, खाली अर्धं पान कोरं सोडलं, प्रश्नपत्रिकेवर त्या प्रश्नाला गोल केला आणि पुढे गेले. शेवटच्या पंधरा मिनिटांत परत आले तेव्हा समीकरणाकडे न बघता प्रश्नाकडे बघितलं. सगळा बर्फ वितळायला २०० × ८० म्हणजे १६००० कॅलरी लागतात. पाणी शून्यापर्यंत थंड होताना देऊ शकतं ४०० × ३० म्हणजे १२००० कॅलरी. पुरतच नाहीत! तेव्हा सगळा बर्फ वितळतच नाही. १२००० भागिले ८०, म्हणजे १५० ग्रॅम वितळतो, ५० ग्रॅम तसाच राहतो आणि मिश्रण ० अंशावर थांबतं. दोन मिनिटांचं काम.

यातली खरी गोष्ट ही की आकडेमोड पहिल्यापासून बरोबरच होती. चुकीचं होतं ते गृहीत धरलेलं, की सगळा बर्फ वितळतो. आणि गृहीत धरलेलं चुकलं असेल तर आकडेमोड शंभर वेळा तपासली तरी ती बरोबरच येणार, कारण ती बरोबरच आहे. म्हणून माझा नियम असा की उत्तर अशक्य आलं, म्हणजे कार्यक्षमता १०० टक्क्यांच्या वर गेली किंवा हवेतून काचेत जाणाऱ्या प्रकाशासाठी काचेचा अपवर्तनांक १ पेक्षा कमी आला, तर आकडेमोड एकदा बघायची, फक्त एकदा. वेगळं उत्तर आलं तर ती आकडेमोडीची चूक होती, संपलं. तेच उत्तर परत आलं तर घोळ मांडणीत आहे, आणि जी मांडणी आत्ता दहा मिनिटं डोक्यात घट्ट बसलीये ती तिथल्या तिथे बसून सुटत नाही. मध्ये दुसरे चार प्रश्न गेले की प्रश्न परत कोऱ्या डोळ्यांनी वाचता येतो. सूत्रच आठवत नसेल तर सात मिनिटंसुद्धा द्यायची नाहीत, दिलेल्या किमती एककांसकट लिहून ठेवायच्या आणि लगेच पुढे. सूत्र बऱ्याचदा दुसरा कुठला तरी प्रश्न वाचताना आठवतं.

दादाला हे सांगितलं तर म्हणाला, नशीब होतं तुझं, परत जायला वेळच उरला नसता तर? अरे पण उरला का, तर मी तिथे वीस मिनिटं घातली नाहीत म्हणून उरला ना! हा वाद अजून मिटलेला नाही. सणावाराला सगळे जमले की कुणीतरी मुद्दाम काढतंच.

त्याचं अर्धं मात्र मला मान्य आहे, गणितं लवकर घ्यावीत हे. पण त्याचं कारण 'पूर्ण मार्क मिळतात' हे नाही. थिअरीचं उत्तर ताणलं तर ताणतं आणि दाबलं तर दाबलं जातं. सुरुवातीला वेळ भरपूर दिसतो, म्हणून तीन मार्कांच्या उत्तराला आपण दीड पान भरतो. तेच उत्तर शेवटी दहा मिनिटं उरलेली असताना आकृती आणि चार मुद्द्यांत बसतं आणि मार्क जवळपास तेवढेच पडतात. गणिताला असं दाबता येत नाही. त्यात हात घाईला आलेला असेल तर सेंटिमीटरचं मीटर करायचं राहतं, नाहीतर दशांश चिन्ह सरकतं.

म्हणून माझा क्रम असा. आधी ऑब्जेक्टिव्ह, एका प्रश्नाला एक मिनिट, कारण तिथे वाचवलेली मिनिटं पुढे लागतात. पण त्यातही एखादा असा असतो की पर्याय चार आणि आत अख्खी आकडेमोड, एका मार्कासाठी चार मिनिटं खाणारा, तो बाजूला ठेवायचा. मग गणितांची पहिली फेरी, सगळी एकदम, सात मिनिटांचा नियम पाळून. त्यानंतर आपल्याला येत असलेली मोठी उत्तरं आणि सिद्धता, मग छोटी थिअरी, आणि शेवटी गोल केलेल्या गणितांकडे परत. अडलेलं गणित मधल्या दीड तासात डोक्यात कुठेतरी पडून असतं, त्याचाही फायदा होतो, निदान मला तरी झाला. बाकी थिअरीत कुठला सेक्शन आधी यावर डोकं घालवू नकोस, जे पाठ आहे ते आधी.

आता दादाची मुलगी परीक्षेला बसणार आहे आणि तो तिलाही तेच सांगतोय, अर्धवट सोडायचं नाही म्हणून. मागच्या सरावात तिचे मोठे दोन प्रश्न कोरे राहिले, आणि का, तर एका भिंगाच्या गणितात चिन्हांचा संकेत घोळला आणि बाई उठेचनात. तीन मार्कांसाठी दहा घालवले. तिला मी सांगितलं, बाबांना हो म्हण आणि पेपरात गोल कर.

हे सगळं कुठे लागू नाही तेही लिहिते, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी येईलच. जिथे पायऱ्यांना मार्क नसतात, फक्त अंतिम उत्तर तपासतात, तिथे अर्धवट मांडणीला काही मिळणार नाही, तिथे वेळ वाचला एवढाच फायदा. पायऱ्यांना मार्क असतील तर सूत्र आणि किमती घातलेली ओळ सोडताना स्वच्छ ठेव, त्यावर काट मारू नकोस, काट मारलेलं सहसा तपासत नाहीत. सेक्शन क्रमानेच लिहा अशी सूचना असेल तर ती पाळायची आणि सात मिनिटांचा नियम त्या क्रमातच लावायचा. उलटसुलट सोडवणार असशील तर प्रश्न क्रमांक ठळक लिही आणि प्रत्येक सेक्शन नव्या पानावर सुरू कर. कॅलक्युलेटर चालत नसेल तर गुणाकार भागाकार अगदी शेवटच्या ओळीपर्यंत पुढे ढकल, वरखालचं कापून मगच आकडे काढ, मधे मधे काढत बसलं की सात मिनिटं तिथेच जातात.

आणि घरी घड्याळ लावून दोन तीन जुने पेपर सोडव आणि कुठली गणितं सात मिनिटांच्या बाहेर गेली ते बघ. बहुतेक ती एक दोन धड्यांतलीच निघतील. त्या धड्याचं गणित पेपरात दिसलं की पहिल्या फेरीत त्याला हातच लावू नकोस, थेट शेवटच्या पंधरा मिनिटांत घे.