इंग्रजी बोलताना वेल, ॲक्च्युअली, यू नो कसे वापरावेत, म्हणजे पाठ केल्यासारखं वाटणार नाही?

प्रश्न: मी ओझरला राहतो, अंबडच्या कंपन्यांत इंटरव्ह्यू देतोय. व्हिडिओत सांगतात की वेल, ॲक्च्युअली, यू नो वापरा, इंग्रजी नैसर्गिक वाटतं. मी वापरतो तर मित्र म्हणतात पाठ करून आलायस. काय चुकतंय?

उत्तर: तुम्ही हे शब्द वाक्य सजवायला वापरताय. त्या प्रत्येकाला काम असतं, आणि काम नसताना शब्द आला की ऐकणाऱ्याला तो लगेच खुपतो. मी नाशिकला कॉलेज रोडवर बरीच वर्षं इंग्रजी संभाषण शिकवतो. एका मुलाच्या सरावाचं रेकॉर्डिंग अजून आठवतं. तोही ओझरचाच, क्वालिटी विभागासाठी तयारी करत होता.

पहिला प्रश्न होता, डिप्लोमा कधी पूर्ण केलास? त्याचं उत्तर: "वेल, आय कम्प्लीटेड इट लास्ट इयर." वाक्य बरोबर आहे, पण ऐकताना वाटतं की काहीतरी भानगड आहे, एखादा विषय राहिला असावा. कारण 'वेल' सांगतं की विचारलंय त्याला सरळ उत्तर येणार नाही, थोडं वळण आहे. साध्या माहितीच्या प्रश्नाला ते लावायचंच नाही. "लास्ट इयर" एवढं पुरे.

पुढे विचारलं, ओझरहून अंबडला रोज येणं जड नाही का जाणार? इथे मात्र तो घाईने "नो सर, नो प्रॉब्लेम" म्हणाला. मी म्हटलं, हेच मराठीत सांग. तो म्हणाला, "तसं लांब पडतं सर, पण माझी गाडी आहे." तो 'तसं' म्हणजेच 'वेल'! "वेल, इट इज अ बिट फार, बट आय हॅव अ बाइक." समोरच्याचं म्हणणं अर्धं मान्य करून पुढे जायचं असतं तिथे आपण मराठीत 'तसं' किंवा 'तसं बघितलं तर' म्हणतो. तुमच्या तोंडी ते आपोआप येतं, त्याच जागी 'वेल' ठेवा.

'ॲक्च्युअली'चा घोटाळा जास्त आहे, कारण तो शब्द आपण मराठीतही घेतलाय. "ॲक्च्युअली ना, मी काल येणार होतो" यात तो नुसता सुरुवात करून देतो. इंग्रजीत वाक्याच्या सुरुवातीला आला की तो बहुतेक वेळा समोरच्याचा समज दुरुस्त करतो. "तुम्ही पुण्याला शिकलात ना?" याला "ॲक्च्युअली, इन नाशिक" एकदम चपखल. पण "टेल मी अबाउट युवरसेल्फ" याला "ॲक्च्युअली, माय नेम इज..." म्हटलंत, तर जणू समोरच्याने नाव चुकीचं घेतलं होतं. मराठीत तिथे "नाही, खरं तर" म्हटलं असतंत का, एवढं तपासा. तोच शब्द वाक्याच्या शेवटी गेला की दुरुस्तीची धार कमी होते: "आय स्टडीड इन नाशिक, ॲक्च्युअली." वयाने मोठ्या माणसाशी बोलताना मला हीच जागा बरी वाटते.

'यू नो' आपल्या 'ना' किंवा 'माहितीये ना'च्या जवळचं. ऐकणाऱ्याला गोष्ट ठाऊक आहे किंवा सहज पटेल, असं धरून ते येतं. नाशिकच्या माणसाला "यू नो, द ट्रॅफिक ॲट द्वारका" म्हणा, तो मान डोलावेल. चेन्नईहून ऑनलाइन बोलणाऱ्याला द्वारका चौक काय माहीत? इंटरव्ह्यूत याचा वापर सगळ्यात कमी ठेवा.

आता उच्चार. मित्रांना 'पाठ केलंय' असं वाटण्यात याचा मोठा वाटा असणार. त्या मुलाच्या रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक 'वेल'नंतर सारखाच थांबा होता, कागदावरचा स्वल्पविराम वाचावा तसा. 'ॲक्-च्यु-अ-ली' चारही अक्षरं सारख्याच जोराने. रोजच्या बोलण्यात ते 'ॲक्चली' होतं, जोर पहिल्या 'ॲक्'वर. 'यू नो' आखडून 'यनो' होतं. 'वेल' आखूड म्हणून पुढच्या शब्दाला चिकटवा. आणि विचार करायला वेळ हवा असेल तर त्यासाठी 'वेल' खर्च करू नका, सरळ "अं" म्हणा किंवा क्षणभर गप्प राहा, ते वाईट दिसत नाही.

त्या मुलाला मी एकच सराव दिला. फोनवर एका प्रश्नाचं उत्तर आधी मराठीत, न लिहिता, दोन मिनिटं रेकॉर्ड कर. मग ऐकून 'तसं', 'खरं तर', 'ना' कुठे आले ते वहीत टिपून ठेव, आणि तेच उत्तर इंग्रजीत दे. पहिल्या दिवशी त्याच्या दोन मिनिटांच्या मराठीत 'तसं' दोनदा आलं, 'खरं तर' एकदा. इंग्रजीत मात्र 'ॲक्च्युअली' नऊ वेळा होतं. आठ आम्ही काढून टाकले. राहिलेला एक, तो पुण्याला शिकला हा समज दुरुस्त करणारा, तसाच ठेवला.