शेजारच्या एसीचा आवाज मोबाइलवर 52 डेसिबल: आकडा कितपत खरा?

प्रश्न: शेजाऱ्यांच्या एसीचं बाहेरचं युनिट माझ्या खिडकीजवळ आहे. रात्री मोबाइलच्या ॲपमध्ये 52 डेसिबल दिसतात. हा आकडा धरून तक्रार करता येईल का?

उत्तर: तुलनेसाठी आकडा उपयोगी आहे, पुरावा म्हणून नाही. कॅलिब्रेट न केलेला फोन पाच-सहा डेसिबलने सहज चुकतो. अमेरिकेच्या NIOSH या संस्थेचं मोफत ॲप प्रयोगशाळेतल्या चाचणीत साधारण 2 डेसिबलच्या आत बसलं, पण ते फक्त आयफोनसाठी आहे. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक कंपनीचा माइक वेगळा, त्यामुळे एकाच ॲपचे दोन फोनवर दोन आकडे येतात.

मोठी अडचण अशी की फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. काही फोन मोठा आवाज आपोआप दाबतात आणि बारीक आवाज वाढवतात. तुमचा फोन तसं करतो का, हे गच्चीवर तपासा. छोट्या स्पीकरवर नळाच्या धारेसारखा एकसारखा आवाज लावा. 1 मीटरवरून 2 मीटरवर गेलात की आकडा साधारण 6 डेसिबलने उतरायला हवा. दोनच उतरला तर तो फोन मोजणीच्या कामाचा नाही.

आता मोजणी. कव्हर काढा, माइकच्या भोकातली धूळ पुसा. बाल्कनीत, भिंतीपासून निदान मीटरभर लांब, फोन हातभर अंतरावर धरा आणि माइकवर बोट येऊ देऊ नका. वारा असेल त्या दिवशी मोजूच नका, माइकवर आदळणारा वाराच आकडा वाढवतो. सेटिंग 'A' आणि 'Slow' ठेवा. क्षणाक्षणाला उड्या मारणारा आकडा सोडा, पाच मिनिटांची सरासरी, म्हणजे LAeq, लिहून घ्या. युनिट चालू असताना एकदा आणि बंद झाल्यावर एकदा.

समजा चालू असताना 52 आणि बंद असताना 46 आले. डेसिबलची साधी वजाबाकी होत नाही, ऊर्जेची करावी लागते:

```
10 × log10(10^5.2 − 10^4.6) ≈ 50.7
```

म्हणजे युनिटचा स्वतःचा आवाज सुमारे 51. दोन आकड्यांत 3 पेक्षा कमी फरक असेल तर हे गणित करू नका. रस्त्याच्या आवाजातून युनिट वेगळं काढता येत नाही, असाच त्याचा अर्थ.

2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्री 10 ते सकाळी 6 ही मर्यादा 45 आहे, आणि पातळीवरून तक्रार करायची तर आवाज मर्यादेपेक्षा 10 किंवा त्याहून जास्त असावा लागतो. म्हणजे 55. तुमचा आकडा त्याखाली आहे, आणि फोनची चूक धरली तर तो कुठल्याही बाजूला सरकू शकतो. म्हणून आधी सोसायटीकडे या दोन नोंदी घेऊन जा.

एक गोष्ट मात्र आकड्यात दिसणार नाही. कॉम्प्रेसरची घरघर बहुतेक 100 हर्ट्झच्या आसपास असते आणि 'A' सेटिंग तिथे जवळपास 19 डेसिबल कापते. 'C' वर मोजून बघा. आकडा दहा-पंधराने चढला तर त्रास खालच्या सुरांचा आहे. युनिटच्या ब्रॅकेटखालचे रबर पॅड झिजलेत का, हे आधी बघायला सांगा.