‘डिस्चार्ज’: ओझे की ओझेवाला?

*“एका कर्जकराराचा मराठी अनुवाद करते आहे. वाक्य असे: ‘द गॅरंटर शॅल बी डिस्चार्ज्ड फ्रॉम ऑल लायबिलिटी अपॉन द बॉरोअर डिस्चार्जिंग द डेट.’ कोशात ‘डिस्चार्ज’ची नोंद अर्धे पान आहे. पहिला अर्थ ‘माल उतरवणे’, पुढे बंदूक, रुग्ण, नोकरी, नदी असे काय काय. मी ‘कर्जदाराने देणे चुकवल्यावर जामीनदाराला दायित्वातून काढून टाकले जाईल’ असे लिहिले, पण ते खटकते आहे. शिवाय मूळ शब्द एकच असताना मराठीत दोन्हीकडे एकच शब्द नको का?”*

खटकते आहे ते बरोबरच आहे. तुमच्या वाक्यात दोन घसरणी आहेत आणि दुसरी चांगलीच महागात पडेल अशी आहे. पण आधी नोंदीकडे जाऊ. तुमच्यासमोर कोणता कोश आहे ते मला माहीत नाही. बहुतेक इंग्रजी-मराठी कोशांत या शब्दाचा क्रियापदाचा भाग थोडाफार असा असतो (हा मी आटोपशीर करून लिहिला आहे):

> स.क्रि. १ (माल) उतरवणे; (जहाज) रिकामे करणे. २ (बंदूक) झाडणे; (बाण) सोडणे. ३ (कर्तव्य) पार पाडणे; (ऋण) फेडणे, चुकवणे. ४ (नोकरीवरून) काढून टाकणे; (लष्.) सेवामुक्त करणे; (वै.) घरी सोडणे. ५ (विधी) (जामीनदार, नादार इ.) मुक्त करणे; (आरोपी) विनादोषारोप सोडणे; (आदेश) रद्द करणे. – अ.क्रि. ६ (नदी) मिळणे; (जखम) वाहणे.

अशा नोंदीत आपली नजर जाते ती आकड्यांवर आणि त्यापुढच्या मराठी शब्दांवर. कंसातल्या मजकुराला आपण तळटीप समजून ओलांडतो. खरे तर निवड करायला सगळ्यात उपयोगी पडतात ते हे कंसच. त्यात दोन जातीचे कंस आहेत आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. ‘लष्.’, ‘वै.’, ‘विधी’ हे संक्षेप क्षेत्र सांगतात: हा अर्थ लष्करातला, तो वैद्यकातला, तो कायद्यातला. ‘माल’, ‘कर्तव्य’, ‘ऋण’, ‘जामीनदार’ हे पूर्ण शब्द मात्र क्षेत्र सांगत नाहीत. क्रियापदाला कोणते कर्म मिळाले की हा अर्थ लागतो, ते सांगतात. अकर्मक क्रियापदापुढे तोच कंस कर्ता सांगतो, जसे वर ‘नदी’ आणि ‘जखम’.

आकड्यांचा क्रम तर फारसे काहीच सांगत नाही. ‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’सारखे ऐतिहासिक कोश अर्थ वापरात येण्याच्या क्रमाने लावतात, शिकणाऱ्यांसाठीचे कोश सहसा जास्त वापराचा अर्थ वर ठेवतात, आणि द्विभाषिक कोश ज्या मूळ कोशावर बेतलेला असेल त्याचा क्रम उचलतो. ‘माल उतरवणे’ पहिला आहे म्हणून तो मुख्य, असे नाही.

त्यापेक्षा तो पहिला का, हे पाहिले की बाकीची नोंद उलगडते. ‘चार्ज’चे मूळ उत्तरकालीन लॅटिनमध्ये आहे: गाडीवर ओझे लादणे. ‘डिस्चार्ज’ म्हणजे लादलेले उतरवणे. आता ओझे उतरवण्याच्या घटनेत दोन पक्ष असतात, ओझे आणि ते वाहणारा. मराठीत आपण ओझे ‘उतरवतो’ आणि हमालाला ‘मोकळा करतो’. एका क्रियापदाने दोन्ही साधत नाही. इंग्रजीत साधते. ‘डिस्चार्ज’चे कर्म ओझेही होते आणि ओझेवालाही. नोंदीतला पहिलाच आकडा पुन्हा बघा: माल उतरवणे, जहाज रिकामे करणे. क्रिया एक, पण अर्धविरामाच्या अलीकडे ओझे आणि पलीकडे वाहणारा. म्हणून अर्धविरामही डोळ्याआड करायचा नाही. स्वल्पविरामाने जोडलेले शब्द सहसा एकमेकांच्या जागी चालतात, अर्धविरामापलीकडचे चालत नाहीत.

तुमच्या वाक्यात नेमकी हीच जोडी आली आहे. दुसऱ्या ‘डिस्चार्जिंग’चे कर्म ‘डेट’ आहे, म्हणजे ओझे. ते आकडा ३ मध्ये, ‘ऋण’ कंसापुढे. पहिला ‘डिस्चार्ज्ड’ कर्मणी आहे, तेव्हा व्याकरणातला कर्ता हेच खरे कर्म. वाक्य मनात उलटून पाहिले की जामीनदाराला, दायित्वातून, मोकळे करायचे आहे हे दिसते. तो ओझेवाला. पुढचे ‘फ्रॉम’ तेच सांगते: माणसाला कशातून तरी सोडवायचे असेल तर ‘फ्रॉम’ लागतो, कर्ज फेडायला लागत नाही. म्हणजे आकडा ५, ‘जामीनदार’ कंसापुढे. तुम्ही ‘काढून टाकणे’ उचललेत ते आकडा ४ मधून. तिथला कंस ‘नोकरीवरून’ म्हणतो, आणि जामीनदार काही नोकरीला नाही.

एकाच शब्दाचा आग्रह इथे का धरू नये, तेही यातच आहे. करारात ज्या संज्ञेची व्याख्या दिलेली असते ती संज्ञा शेवटपर्यंत एकाच मराठी शब्दाने चालवावी, हा नियम बरोबर आहे. पण ‘डिस्चार्ज’ इथे व्याख्या दिलेली संज्ञा नाही, साधे क्रियापद आहे, आणि दोन ठिकाणी त्याची कर्मे दोन टोकांची आहेत.

या फरकाचे वजन कळायला वाक्यातले दोनच शब्द बदलून बघा. समजा मजकूर ‘अपॉन द लेंडर डिस्चार्जिंग द बॉरोअर’ असा असता. आता कर्म कर्जदार आहे, म्हणजे ओझेवाला. अर्थ झाला ‘सावकाराने कर्जदाराला मुक्त केल्यावर’, आणि यात एक पैही फेडली गेलेली नसेल! असे कलम काल्पनिक नाही. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम १३४ मध्ये हेच आहे: धनकोने करार करून मूळ ऋणकोला सोडले, तर जामीनदारही सुटतो. तिथे कोशातला ‘ऋण फेडणे’ उचलला तर कायदाच बदलेल. करारात माणसे तीच, क्षेत्रही तेच, कायद्याचे. फरक दाखवते ते फक्त कर्म.

आता ती महागातली घसरण. ‘(ऋण) फेडणे, चुकवणे’ यातला ‘चुकवणे’ तुम्ही घेतलात. कोशकार चुकलेला नाही. ‘देणे चुकवणे’ म्हणजे देणे भागवणे, हा मराठीत रूढ अर्थ आहे आणि ‘हिशोब चुकता करणे’ त्याच घरातले. पण ‘चुकवणे’ म्हणजे टाळणेही. कर चुकवणारा माणूस कर भरून आलेला नसतो! ‘कर्जदाराने देणे चुकवल्यावर जामीनदार मुक्त’ हे वाक्य कोणी असे वाचू शकतो की कर्जदाराने पैसे बुडवले की जामीनदार सुटला. जामीन राहण्याचा हेतूच त्याने उलटतो. मी स्वतः एकदा एका तडजोडनाम्यात ‘बाकी चुकवल्यानंतर’ लिहून बसलो होतो. समोरच्या पक्षाने शांतपणे विचारले, “म्हणजे भरल्यानंतर की न भरल्यानंतर?” त्या दिवसापासून कोशातून निवडलेला मराठी शब्द मी उलटाही तपासतो, मराठी-इंग्रजी कोशात त्याची नोंद काढून. मोल्सवर्थ यांचा कोश (दुसरी आवृत्ती, १८५७) त्यासाठी अजून उत्तम. निवडलेल्या शब्दाला दुसरा, विरोधी अर्थ असेल तर तो तिथे सापडतो. इंग्रजी-मराठी कोशात सापडायला जागाच नसते, कारण तिथे शब्दाची एकच बाजू छापलेली असते.

‘फेडणे’ला हा धोका नाही. त्यालाही अर्थ अनेक आहेत, पण ते कर्माला घट्ट बांधलेले आहेत: नवस, पांग, पारणे, उपकार, कर्ज. कर्जाशेजारी ‘फेडणे’ आले की दुसरा अर्थ शिरूच शकत नाही. उलट हप्ता आपण ‘भरतो’, बिल ‘भागवतो’, कर्ज मात्र ‘फेडतो’. तेव्हा कर्म बघण्याची कसरत मराठी बाजूलाही करावी लागते. नोंदीतली उदाहरणे वाचताना हेच विसरले जाते. ‘कर्तव्य पार पाडणे’ आवडले म्हणून ‘कर्ज पार पाडणे’ होत नाही.

ओझे-ओझेवाला ही कसोटी सगळीकडे पुरत नाही, हेही सांगतो. ‘(आदेश) रद्द करणे’ यात आदेश हे ओझे की वाहणारा, असा विचार करत बसलात तर काही हाती लागणार नाही. तिथे कायद्यातला ठरीव अर्थ कोशावर विश्वासून घ्यावा. आरोपीचेही तसेच. तो ओझेवाला आहे खरा, पण नुसते ‘मुक्त’ म्हणून भागत नाही. दोषारोप ठेवण्याआधीच सोडणे वेगळे आणि खटला चालून निर्दोष ठरणे वेगळे. दुसऱ्यासाठी इंग्रजीत शब्दही दुसरा आहे, ‘अक्विटल’. ‘डिस्चार्ज’ झालेल्या आरोपीला ‘निर्दोष सुटला’ म्हणणारी बातमी न्यायालयाने न दिलेला निकाल देऊन टाकते. अशा जागी ‘विधी’ या चिमुकल्या संक्षेपाला फार वजन असते. नामाच्या अर्थांत तर क्षेत्रावरच सारे ठरते: धरणातून होतो तो विसर्ग, जखमेतून येतो तो स्राव, आणि अदलाबदल केली तर हसू होईल. (अक्षरापुढच्या दोन टिंबांचा विसर्ग आणि धरणाचा विसर्ग एकच शब्द आहेत; दोन्हीकडे ‘सोडणे’च.)

राहता राहिला ‘काढून टाकले जाईल’, ‘मुक्त केले जाईल’ हा कर्मणी साचा. इंग्रजीत ‘शॅल बी’ आहे म्हणून मराठीतही ‘केले जाईल’ लिहिले, तर कोणीतरी मुक्त करण्याची कृती करायची आहे, एखादे पत्र द्यायचे आहे, असे वाटते. मूळ वाक्यात तशी अट नाही. कर्ज फिटले की जामीनदार आपोआप सुटतो. म्हणून अकर्मक ‘मुक्त होईल’:

> कर्जदाराने कर्ज फेडल्यावर जामीनदार सर्व दायित्वातून मुक्त होईल.

करारात हप्त्यांचा उल्लेख असेल तर ‘कर्ज पूर्ण फेडल्यावर’ लिहिण्याचा मोह होईल. ‘पूर्ण’ मुळात नाही, आणि ‘फेडणे’त तो भाव येतोच, म्हणून मी घालणार नाही. पुढे कुठे ‘डिस्चार्ज ऑफ डेट’ आणि ‘डिस्चार्ज ऑफ गॅरंटर’ अशी कलमांची शीर्षके आली, तर एक ‘कर्जफेड’ आणि दुसरे ‘जामीनदाराची मुक्तता’.