बॅलिस्टिक पेंड्युलम: गोळीची बहुतेक ऊर्जा ठोकळ्याच्या झोक्यात पोहोचतच नाही

प्रश्न: टांगलेल्या लाकडी ठोकळ्यात गोळी रुतते आणि ठोकळा वर जातो. मी सरळ गोळीची गतिज ऊर्जा = वर गेल्यावरची स्थितिज ऊर्जा असं मांडलं तर उत्तर चुकतं. पुस्तकात आधी संवेग आणि मग ऊर्जा वापरली आहे. ऊर्जा अक्षय्य असते ना, मग पहिल्यापासून का चालत नाही? आणि संवेगच शेवटपर्यंत का नाही वापरायचा?

उत्तर:

तुमच्या पद्धतीने येणारं उत्तर आधी बघू या, कारण ते थोडंथोडकं चुकत नाही. गोळी ८ ग्रॅमची, ठोकळा आणि गोळी मिळून २ किलो, दोऱ्यांची लांबी दीड मीटर, आणि ठोकळा ७.३ सेंटिमीटर वर गेला असं समजा. ½mv² = (m+M)gh मध्ये आकडे घातले की v येतो सुमारे १९ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ६८ किलोमीटर. वेगवान गोलंदाजाचा चेंडू याच्या दुप्पट वेगाने जातो. इतक्या संथ गोळीला बंदूक कशाला हवी, हातानेच फेकता येईल!

आता दोन पायऱ्यांनी करू. वर जाण्याच्या टप्प्यात ऊर्जा: V = √(2gh), म्हणजे गोळी रुतल्याबरोबर ठोकळ्याचा वेग १.१९६ मीटर प्रति सेकंद. मग टकरीच्या टप्प्यात संवेग: mv = (m+M)V. २ किलो भागिले ८ ग्रॅम म्हणजे २५०, म्हणून गोळीचा वेग २५० × १.१९६ = सुमारे २९९ मीटर प्रति सेकंद. ही गोळी शोभते.

पुस्तकात टकरीची पायरी आधी असते, कारण घटना त्या क्रमाने घडते. आकडेमोड मात्र उलट्या दिशेने होते: उंचीवरून ठोकळ्याचा वेग, ठोकळ्याच्या वेगावरून गोळीचा. इथे पुष्कळ जणांचा गोंधळ होतो.

आता खरा प्रश्न, ऊर्जा गेली कुठे. गोळीजवळ टकरीआधी साधारण ३५८ ज्यूल होते. रुतल्यानंतर ठोकळा आणि गोळी मिळून फक्त १.४३ ज्यूल. म्हणजे २५० भागांतला एक भाग उरला, बाकीचे २४९ लाकडाचे तंतू फाडण्यात, गोळी चेपण्यात आणि गरम होण्यात गेले. ऊर्जा अक्षय्य आहे हे तुमचं म्हणणं बरोबरच, पण अक्षय्य असते ती एकूण ऊर्जा. तुमच्या समीकरणात उष्णतेचा रकानाच नाही, आणि इथे जवळजवळ सगळी रक्कम त्याच रकान्यात जमा झाली आहे.

पण मग मनात यायला हवं की ऊर्जा अशी गळते, तर संवेग का गळत नाही? दोन्ही एकाच बलामुळे एकाकडून दुसऱ्याकडे जातात. हे नुसतं 'नियम आहे' म्हणून सोडलं तर पुढच्या गणितात पुन्हा अडायला होतं, म्हणून गोळी रुतत असतानाचा क्षण जरा ताणून बघू.

समजा गोळी लाकडात १० सेंटिमीटर आत जाऊन थांबली, आणि थांबवणारं बल साधारण एकसारखं होतं. गोळीचा वेग ३०० वरून जवळपास शून्यावर आला, म्हणजे सरासरी १५०. तर रुतायला लागलेला वेळ ०.१ भागिले १५०, म्हणजे सुमारे ०.०००६७ सेकंद. तेवढ्या वेळात २.४ एककांचा संवेग गेला, म्हणजे बल सुमारे ३,६०० न्यूटन.

लाकूड गोळीला मागे ढकलतं आणि गोळी लाकडाला पुढे ढकलते. दोन्ही बलं सारखी, आणि दोघांनाही वेळ तोच. बल गुणिले वेळ म्हणजे संवेगातला बदल. म्हणून गोळीने जितका संवेग गमावला, तितकाच्या तितका ठोकळ्याला मिळाला. मधे काही हरवायला जागाच नाही.

ऊर्जेचा हिशोब मात्र बल गुणिले अंतर असा असतो, आणि अंतरं सारखी नाहीत. गोळी १० सेंटिमीटर पुढे गेली: ३,६०० × ०.१ = ३६० ज्यूल तिने गमावले. त्याच वेळात ठोकळा शून्यावरून १.२ मीटर प्रति सेकंदावर पोहोचला, म्हणजे सरासरी ०.६ च्या वेगाने सरकला फक्त ०.४ मिलिमीटर. ३,६०० × ०.०००४ = १.४४ ज्यूल. वर आलेला १.४३ चा आकडा हाच (फरक नुसता आकडे ढोबळ घेतल्याचा). गोळी लाकडाच्या आत जितकी घुसली, तितक्या अंतराचं काम हे नुसतं घासण्याचं काम आहे. ते ठोकळ्याला हलवण्यात आलंच नाही.

मला विचाराल तर या सगळ्या विषयात हाच भाग सर्वांत सुंदर आहे.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे. संवेग शेवटपर्यंत का नाही? कारण वर जाताना ठोकळ्यावर बाहेरची बलं लागत असतात. झोका वरच्या टोकाला पोहोचला की वेग शून्य, म्हणजे संवेगही शून्य. दोऱ्या तिरप्या झाल्यामुळे त्यांचा ताण ठोकळ्याला मागे खेचतो, आणि तो संवेग दोऱ्यांमार्फत छताला, छतामार्फत पृथ्वीला जातो. याउलट दोरीचा ताण नेहमी ठोकळ्याच्या वाटेशी काटकोनात असतो, म्हणून तो काम करत नाही. काम करतं फक्त गुरुत्व, आणि ते स्थितिज ऊर्जेत साठतं. टकरीत जे चाललं ते इथे चालत नाही, आणि इथे जे चालतं ते टकरीत चाललं नव्हतं.

दोन टप्पे असे वेगळे काढता येतात याला एक अट आहे: टक्कर झोक्याच्या मानाने फार झटपट संपली पाहिजे. दीड मीटरच्या लंबकाला खालून वर जायला सुमारे ०.६ सेकंद लागतो, तर गोळी हजारांश सेकंदाच्या आत थांबते. त्या अवधीत ठोकळा ०.४ मिलिमीटरच हललेला असतो, दोऱ्या अजून जवळपास उभ्याच असतात, त्यामुळे त्यांच्या आडव्या ओढीने संवेगात पडणारा फरक नगण्य. तुम्ही गोळीऐवजी एखादी वस्तू अशा मऊ गादीत घुसवली की ती थांबायला पाव सेकंद लागेल, तर मात्र हे दोन टप्पे एकमेकांत मिसळतील आणि वरची आकडेमोड लागू होणार नाही.

उंची मोजायची कशी, याबद्दल थोडं. ७.३ सेंटिमीटर उंची पट्टीने पकडणं अवघड, कारण ठोकळा वर क्षणभरच थांबतो. १७४२ मध्ये बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने बंदुकीच्या गोळ्यांचे वेग याच पद्धतीने मोजून प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने उंची मोजलीच नाही. लंबकाच्या खालच्या टोकाला एक फीत बांधली होती. झोका जाताना ती ओढली जाई आणि परत येताना सैल लोंबकळत राही. जितकी फीत बाहेर आली, तितकी कंसाची जीवा. आणि जीवा c, दोरीची लांबी L असेल तर h = c²/2L, तेही नेमकं, लहान कोनाची सवलत न घेता. हे √(2gh) मध्ये घातलं की V = c√(g/L). आपल्या उदाहरणात जीवा ४६.८ सेंटिमीटर येते. तीत १ मिलिमीटरची चूक झाली तर वेगात सुमारे ०.२ टक्के फरक पडतो. तीच १ मिलिमीटरची चूक उंचीत झाली तर ०.७ टक्के. जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला हे सुचलं याचं मला अजून अप्रूप वाटतं.

चुका कुठे होतात? गोळी आरपार गेली तर ती उरलेला संवेग घेऊन जाते आणि तुमचं उत्तर कमी येतं. गोळी घुसताना लाकडाच्या ढलप्या मागे उडाल्या तर ठोकळ्याला जास्तीचा धक्का बसतो आणि उत्तर वाढतं. गोळी मध्यावर न लागता कडेला लागली तर ठोकळा गिरकी घेतो आणि ऊर्जेचा काही भाग त्या गिरकीत जातो. म्हणूनच ठोकळा एका दोरीवर न टांगता चार दोऱ्यांवर टांगतात, म्हणजे तो आडवाच राहून सरकतो. एकाच ठोकळ्यात लागोपाठ गोळ्या मारत असाल तर आधी रुतलेल्या गोळ्यांचं वस्तुमान M मध्ये धरायला विसरू नका.

प्रयोगशाळेत बहुधा स्प्रिंगची बंदूक, पोलादी गोळी आणि दोरीऐवजी ताठ दांडा असतो. मी शिकवायला लागलो तेव्हा अशाच उपकरणावर पंधरवडाभर अडकलो होतो. लंबकावरून वेग ४.६ मीटर प्रति सेकंद यायचा. तीच गोळी टेबलावरून आडवी उडवून, ती जमिनीवर किती लांब पडते यावरून काढलेला वेग ४.९. स्प्रिंग बदलली, तेल घातलं, तरी फरक तेवढाच. शेवटी लक्षात आलं की दोष उपकरणात नसून माझ्या सूत्रात आहे. ताठ दांड्याचा लंबक म्हणजे दोरीवरचा ठोकळा नव्हे. त्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वेगाने फिरतात, म्हणून तिथे संवेगाऐवजी कोनीय संवेग आणि वस्तुमानाऐवजी जडत्व आघूर्ण घ्यावं लागतं. गोळी गुरुत्वमध्याच्या पातळीवर लागत असेल तर साध्या सूत्राने उत्तर हटकून कमीच येतं.

तुमच्या शंकेचा निकाल प्रयोगाने लावायचा असेल तर एक सोपा मार्ग आहे. गोळी तीच ठेवा आणि ठोकळ्याचं वजन वाढवून एकूण २ चं ४ किलो करा. तुमचं समीकरण खरं असेल तर उंची निम्मी, म्हणजे ३.६५ सेंटिमीटर भरायला हवी. प्रत्यक्षात ती चौथाई, सुमारे १.८ सेंटिमीटर भरते. १.८ वरून तुमच्या पद्धतीने वेग काढा, तो आता १३ च्या आसपास येईल. बंदूक तीच, गोळी तीच, आणि वेग मात्र ठोकळा पाहून बदलला! दोन पायऱ्यांनी काढला तर दोन्ही वेळा २९९ च्या जवळपासच येतो.