फोटोवरून शिरीष की रेन ट्री कसं ओळखायचं?

प्रश्न: आमच्या रस्त्यावरच्या झाडाचा फोटो जोडला आहे. खोड खडबडीत, पानं बारीक, वर शेंगा लटकताहेत. हा शिरीष की रेन ट्री?

शिरीष. शेंगांवर बोटं ठेवून फोटो मोठा करा. त्या चपट्या, पातळ, वाळक्या गवताच्या रंगाच्या आहेत आणि प्रत्येक बीचा फुगवटा वरून दिसतो. रेन ट्रीची शेंग जाड, गराची, पिकल्यावर काळपट. ती खाली पडून चिरडली की रस्ता चिकट होतो.

हा प्रश्न आमच्या घरातलाच आहे म्हणून लिहितोय. मामांच्या सोसायटीने फाटकाजवळचं झाड तोडायला अर्ज केला, त्यात लिहिलं, "रेन ट्री, परदेशी, ठिसूळ." मामा कमिटीत होते. मी म्हटलं, हा शिरीष आहे, इथलाच. त्यांनी खोडावर थाप मारून सांगितलं, "साल बघ, काळी नि भेगाळलेली, रेन ट्रीच." म्हाताऱ्या शिरीषाची सालही तशीच होते, आणि त्यावर गेरू-चुना फासला की काहीच कळत नाही. या दोघांत सालीवरून निवाडा करू नये.

पानांची मांडणीही अर्धंच काम करते. दोन्हींचं पान दुहेरी पिसासारखं, पर्णिका समोरासमोर. फरक पर्णिकांच्या आकारात आहे. रेन ट्रीच्या पर्णिका तिरकस असतात आणि टोकाकडे मोठ्या होत जातात, शेवटची जोडी सगळ्यांत मोठी. शिरीषाच्या लांबट, बोथट, साधारण एकसारख्या. मी मामांना पडलेलं पान दाखवलं. ते म्हणाले, पानं काय, सगळी सारखीच. मग जानेवारीत झाडाची पानं गळाली आणि नुसत्या वाळक्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळू लागल्या. त्या खुळखुळाटानंतर तरी वाद संपायला हवा होता. रेन ट्रीची गराची शेंग अशी वाजत नाही. मी चार शेंगा त्यांच्या टेबलावर ठेवल्या. अर्जातलं नाव मात्र कुणी बदललं नाही. झाड वाचलं, पण फांद्या बुंध्यापर्यंत छाटल्या गेल्या.

म्हणून सांगतो, तुमच्याकडे कुणी अर्ज करत असेल तर आधी खाली पडलेली शेंग उचलून तिचा फोटो जोडा, आणि अर्जात झाडाचं नाव कुणी ठरवलं ते विचारा. रेन ट्री असला तरी तो परदेशी आहे एवढ्यावरून तोडायचं कारण होत नाही. मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला असला तरी आपल्या रस्त्यांवर सावली तोच धरतो. मामांना हेही पटत नाही.

एक राहिलं. संध्याकाळी दोन्हींची पानं मिटतात, तेव्हा काढलेल्या फोटोत पर्णिका बघू नका. आणि खोड फिकट, गुळगुळीत असेल नि शेंगा तांबूस तपकिरी असतील तर तो शिरीषाचा भाऊ, किन्हई. तिथे मात्र साल खरंच उपयोगी पडते.