नमस्कार, आणि मग लगेच काम

प्रश्न: बँकेच्या किंवा विजेच्या हेल्पलाइनला फोन केला की सुरुवातीलाच अडखळतो. नुसतं नमस्कार म्हणून थेट तक्रार सांगितली तर उद्धट वाटतं का? खाते क्रमांक आधी सांगायचा की अडचण?

उद्धट अजिबात वाटत नाही. मी चार वर्षं हेडफोन लावून असे फोन घेतलेत, आधी बँकेचे, नंतर विजेच्या बिलांचे. "नमस्कार मॅडम" म्हणून लगेच कामाला लागणारा माणूस आम्हाला सगळ्यात आवडायचा.

पण नमस्कार गाळू नका, आणि तो नुसता सभ्यतेसाठी नाही. आमच्याकडे कानात बीप वाजली की फोन आपोआप जोडला जायचा. आम्ही ठरलेलं वाक्य म्हणायचो, तेवढ्यात स्क्रीनवर खिडकी उघडत असायची. त्या क्षणी बोललेला पहिला शब्द बऱ्याचदा अर्धवट ऐकू यायचा. तो शब्द "नमस्कार" असेल तर काही बिघडत नाही. तो "एटीएम" असेल तर मात्र पुन्हा विचारावं लागतं. "कशा आहात, जेवण झालं का" याची गरज नाही. त्याला काय उत्तर द्यायचं हेच आम्हाला कळत नसे.

खाते क्रमांकही लगेच सांगू नका. तो टाकायची जागा अजून उघडलेली नसते, आणि घाईत म्हटलेले दहा-बारा आकडे हमखास पुन्हा सांगावे लागतात. ओळख पटवण्याचे प्रश्न समोरचाच विचारतो, तेव्हा द्या. क्रमांक आणि बिल हाताशी ठेवा, एवढं पुरे. पिन आणि ओटीपी मात्र कोणी मागितला तरी सांगायचा नाही.

आता नमस्कारानंतरचं वाक्य. खरी मेख इथेच आहे. आम्हाला तक्रारीचा प्रकार यादीतून निवडावा लागायचा, आणि तो बहुतेक तुमच्या पहिल्या वाक्यावरून ठरायचा. एक गृहस्थ अजून आठवतात. त्यांची सुरुवात अशी होती: "अहो, माझे पैसे कापलेत. मी किती वर्षांचा ग्राहक आहे, माझा मुलगा म्हणाला फोन करा, मागेही असंच झालं होतं..." पैसे कापले म्हणजे बँकेनं शुल्क लावलं, कोणी फसवून काढले की मशिनमधून नोटाच आल्या नाहीत? तिन्हींचे विभाग वेगळे. मी शुल्काचा अंदाज बांधला आणि फोन तिकडे पाठवला. तिथून ते परत आमच्याकडे आले, तेव्हा सगळी कहाणी पहिल्यापासून. निघालं काय, तर नोटा आल्या नव्हत्या. चूक माझीही होती, मी एक प्रश्न जास्त विचारायला हवा होता.

त्यांनी एवढंच म्हटलं असतं तर पुरलं असतं: "नमस्कार. काल संध्याकाळी एटीएममधून पैसे काढले, नोटा आल्या नाहीत, पण खात्यातून रक्कम वजा झाली. तक्रार नोंदवायची आहे." काय झालं, कधी झालं आणि तुम्हाला काय हवंय. मग थांबायचं. हे थांबणं लोकांना जमत नाही. पलीकडे शांतता पडली की त्यांना वाटतं ऐकू गेलं नाही, आणि ते पुन्हा सुरू होतात. ती शांतता म्हणजे आम्ही टाइप करत असतो.

विजेचंही तसंच. "लाइट नाही" याच्यापुढे "फक्त आमच्या घरात नाही, शेजारी आहे" हे जोडलं की अर्धे प्रश्न वाचतात. बिल जास्त आलं असेल तर नुसतं "बिल जास्त आलंय" न म्हणता "बिलावरचं रीडिंग मीटरवरच्यापेक्षा जास्त आहे" असं म्हणा. म्हणजे अर्थात आधी मीटर बघून या.

आधी तक्रार केलेली असेल तर तेच पहिलं वाक्य: "नमस्कार, माझी जुनी तक्रार आहे, तिचा क्रमांक आहे माझ्याकडे." नाहीतर समोरचा नवी तक्रार उघडतो आणि जुनी तशीच पडून राहण्याची शक्यता असते. फोन दुसऱ्या विभागाला दिला तर तिथेही नमस्कार आणि तेच वाक्य. "मघाशी सांगितलं ना" म्हणून उपयोग नसतो, कारण आधीच्याने लिहिलेली नोंद नव्या माणसाला दिसतेच असं नाही.

नमस्कार गाळायची वेळ एकच. खात्यातून आत्ता, या क्षणी पैसे जातायत किंवा विजेची तार तुटून रस्त्यावर पडलीय, तेव्हा थेट "कार्ड बंद करा" किंवा "तार पडलीय, अमुक चौकात" असं म्हणा. त्यावर कोणी तुम्हाला उद्धट म्हणणार नाही. उलट अशा वेळी सावकाश नमस्कार-चमत्कार करणाऱ्या माणसाचा फोन मला साधाच वाटायचा, आणि तारेचा विषय यायला अर्धं मिनिट जायचं.