एजंटला चाळीस हजार देऊ का? ब्रिटनच्या यंग प्रोफेशनल्स व्हिसाचा खरा खर्च

प्रश्न: मी ठाण्यात राहतो, वय २९, बी.कॉम. झालंय. नोकरीची ऑफर नसताना दोन वर्षं यूकेत राहून काम करता येईल असा व्हिसा आहे म्हणे. एजंट ड्रॉसाठी ४० हजार मागतोय. माझ्याकडे साठवलेले अडीच लाख आहेत, बाबांची ४ लाखांची एफडी आहे. जमेल का?

उत्तर: एजंटला एक रुपयाही देऊ नका. तुम्ही म्हणताय तो ड्रॉ म्हणजे इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीमचा बॅलट; तो फुकट असतो आणि निवड काँप्युटर करतो, त्यात कुणाची ओळख चालत नाही. भारतीयांसाठी वर्षाला ३,००० जागा असतात. बॅलट सहसा फेब्रुवारी आणि जुलैमध्ये, फक्त ४८ तास उघडतो. gov.uk वर नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा तपशील, पासपोर्टचा फोटो, फोन आणि ईमेल भरायचा. पहिल्या मिनिटाला भरला काय नि शेवटच्या तासाला काय, संधी सारखीच. एका माणसाची एकच नोंद धरतात, त्यामुळे 'आम्ही चार वेळा भरतो' म्हणणारा सरळ फसवतोय.

नंबर लागला तर दोन आठवड्यांत ईमेल येतो. त्यानंतर फी भरून बोटांचे ठसे देईपर्यंतचं सगळं ९० दिवसांत उरकायचं असतं. अर्जाच्या दिवशी तुमचं ३१ वं वर्ष पूर्ण झालेलं नसावं, पदवी असावी आणि १८ वर्षांखालचं मूल तुमच्यावर अवलंबून नसावं.

घोळ होतो तो पैशांत. बचत २,५३० पाउंड दाखवावी लागते आणि ती सलग २८ दिवस तुमच्या स्वतःच्या खात्यात असावी लागते. बाबांची एफडी जशी आहे तशी चालणार नाही. त्यातली रक्कम तुमच्या बचत खात्यात आणा आणि ज्या दिवशी जमा झाली तो पहिला दिवस धरा. मधल्या एका दिवशी जरी ईएमआय किंवा क्रेडिट कार्डाचं बिल कापलं जाऊन शिल्लक खाली गेली, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून या खात्यावर कुठलाच ऑटो डेबिट ठेवू नका. हे २८ दिवस संपल्यापासून ३१ दिवसांच्या आत अर्ज जायला हवा.

इथे आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रुपयांचे पाउंड अर्जाच्या दिवशीच्या दराने होतात. पाउंड ११५ रुपये धरला तर २,५३० पाउंड म्हणजे सुमारे २ लाख ९१ हजार. तुम्ही बरोब्बर ३ लाख ठेवलेत आणि पाउंड ११९ वर गेला, तर रक्कम कमी पडते. सव्वातीन लाख ठेवा, म्हणजे पाउंड १२८ पर्यंत गेला तरी काळजी नाही.

ही बचत म्हणजे खर्च नव्हे, ती सोबत नेण्यासाठी असते. खर्च वेगळा: एप्रिल २०२५ मध्ये लागू झालेल्या दराने व्हिसा फी ३१९ पाउंड आणि दोन वर्षांचा आरोग्य अधिभार १,५५२ पाउंड. दोन्ही मिळून १,८७१, म्हणजे त्याच ११५ च्या दराने सुमारे २ लाख १५ हजार. हे पैसे अर्ज करतानाच एकरकमी जातात. त्यामुळे कार्डाची परदेशी व्यवहारांची मर्यादा आधीच वाढवून घ्या आणि बचतीच्या खात्याला हात न लावता दुसऱ्या खात्यातून भरा. व्हिसा नाकारला तर अधिभार परत मिळतो, फी नाही. क्षयरोगाची तपासणी ब्रिटनने मान्य केलेल्या दवाखान्यातच करा. फॅमिली डॉक्टरचा एक्स-रे चालत नाही आणि त्या दाखल्याची मुदत सहा महिनेच असते.

म्हणजे सव्वातीन लाखांची बचत, सव्वादोन लाखांपर्यंतची फी, वर विमानाचं तिकीट. तुमचे अडीच आणि एफडीचे चार मिळून भागतं, पण जेमतेम. त्यात ते ४० हजार घालवले तर तिकिटालाच कात्री लागेल.

पोचल्यावरचा पहिला महिना सगळ्यात अवघड. लंडनमध्ये ८०० पाउंड भाड्याची खोली घेतलीत, तर महिन्याचं भाडं आणि पाच आठवड्यांचं डिपॉझिट धरून सुमारे १,७२० पाउंड पहिल्याच दिवशी जातात. हातात राहतात आठशे, आणि तिकडे पगार बहुतेक ठिकाणी महिनाअखेरीस होतो. म्हणून माझा सल्ला असा की पहिले काही आठवडे लंडनऐवजी लीड्स किंवा मँचेस्टरसारख्या शहरात काढा. भाडं कमी आणि किमान वेतन तेच: एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या काळात २१ आणि त्यावरच्या वयाच्यांना ते तासाला १२.२१ पाउंड होतं.

व्हिसा दोन वर्षांनंतर वाढत नाही. पुढे राहायचं असेल तर तुम्हाला स्पॉन्सर करणारी कंपनी मुदतीतच शोधावी लागते, आणि ती मिळायला वेळ लागतो. गेल्या गेल्या शोध सुरू करा.